चुकून आलेला संदेश आणि चुकविलेली जबाबदारी

मालवण किनाऱ्यावरील तोंडवली-तळाशील हा पट्टा शेअरबाजाराच्या वाटेवरचा नव्हे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मध्ये माडांची व घरांची चिंचोळी रांग. येथली बचत कशातून होते हे सर्वांस ठाऊक आहे. रापणीचा वाटा, माडाचे उत्पन्न, मुंबईच्या मुलाने पाठविलेले पैसे, शिक्षकाचे किंवा गिरणीतून आलेल्या माणसाचे निवृत्तीचे पुंजीधन. ही बचत पोस्टात किंवा बँकेच्या मुदत ठेवीत पडून असते. तिच्यावर कोणाचा डोळा असेल असे गावाला कधी वाटले नाही. आज तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोणालाही तोंडवलीस यावे लागत नाही; खिशातला फोन पुरेसा आहे.

संदेश साधा असतो. ‘मेहताजी, उद्याच्या बैठकीची फाइल मिळाली ना?’ फोनधारक सज्जन असतो, म्हणून कळवितो की नंबर चुकला. लगेच उत्तर येते, ‘क्षमा करा, नव्या फोनमध्ये नाव चुकीचे जतन झाले. आपण मात्र किती सौजन्याने उत्तर दिलेत!’ येथेच सापळ्याचा पहिला खटका पडतो. उद्धट माणूस उत्तरच देत नाही, तेव्हा तो आपोआप गाळला जातो. उरतो तो सभ्य, थोडा एकाकी, बोलण्यास वेळ असलेला माणूस. चुकीचा म्हणविला जाणारा नंबर ही अशी चाळणी आहे. ज्याला लोभी म्हणून हिणविण्याची घाई समाजाला झालेली असते, तो निवडला गेला आहे त्याच्या सौजन्यावरून. हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे काहीच समजणार नाही.

यापुढे दोन-तीन आठवडे पैशाचा शब्दही निघत नाही. सकाळचे नमस्कार, जेवणाची छायाचित्रे, प्रकृतीची चौकशी, दूरच्या शहरातील व्यवसायाच्या, घटस्फोटाच्या किंवा आईच्या आजारपणाच्या गोष्टी. मग एखाद्या संध्याकाळी उत्तर उशिरा येते आणि कारण सहज सांगितले जाते, ‘आज बाजाराकडे लक्ष होते.’ पुढे कळते की कोणी मामा की गुरू आहेत, त्यांना बाजाराची नाडी कळते. विचारल्याशिवाय कोणी ‘पैसे गुंतवा’ म्हणत नाही. विचारणारा शेवटी स्वतःच विचारतो. एवढे झाले की एका विशिष्ट ॲपचा दुवा येतो. हे ॲप नेहमीच्या ॲप-भांडारातून न घेता थेट दुव्यावरून उतरवून घ्यावयाचे असते. त्यावर कोणा खऱ्या दलाल-संस्थेचे नाव आणि सेबीचा खरा नोंदणी क्रमांकही झळकत असतो, दोन्ही चोरलेले.

असा संदेश तोंडवलीतील एका निवृत्त शिक्षकाच्या फोनवर आला असे धरून हिशेब मांडून पाहू. हा हिशेब कोणा एका व्यक्तीचा नव्हे. पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारींची जी ठरावीक घडण आहे ती दाखविण्यापुरता तो कल्पिलेला आहे. गुरुजी प्रथम १०,००० रुपये भरतात. आठवड्यात पडदा ११,८०० दाखवितो. त्यांतून २,००० काढून पाहा असे मैत्रीण स्वतःच सुचविते आणि ते २,००० खरोखरच बँकेत जमा होतात. सगळ्या प्रकरणातला हा एकच व्यवहार खरा. बहुधा ते पैसे दुसऱ्या एखाद्या बळीने त्याच दिवशी भरलेले असतात. गुरुजींची शंका त्या २,००० रुपयांत विकत घेतली गेली. मग ते ५०,००० भरतात, नंतर मुदत ठेव मोडून ३,००,०००. यानंतर अलीकडचा खास देशी डाव येतो. नव्या कंपनीच्या प्रारंभिक समभागविक्रीत अर्ज करण्यास सांगितले जाते, आणि मागितले त्याहून कितीतरी अधिक समभाग ‘मंजूर’ झाल्याचे पडद्यावर येते. आता पूर्ण रक्कम भरली नाही तर खाते गोठेल आणि आधीचे पैसेही अडकतील, असे बजावले जाते. गुरुजी पत्नीच्या दागिन्यांवर कर्ज काढतात, भावाकडून उसने घेतात आणि ६,००,००० उभे करतात. एकूण ९,६०,००० गेले. पडदा म्हणतो, तुमच्या खात्यात ३४,००,००० आहेत.

पैसे काढावयास गेले की अखेरचा अंक सुरू होतो. नफा २४,४०,००० झाला, त्यावर २० टक्के म्हणजे ४,८८,००० रुपये कर आधी भरा, मगच रक्कम सुटेल. या मागणीतली मेख अशी की २० टक्के हा दर खरा आहे. जुलै २०२४ पासून सूचिबद्ध समभागांवरील अल्पमुदतीच्या भांडवली नफ्यावर हाच दर लागू आहे. पण हा कर भारतातील रहिवाशाकडून दलाल कधीही आगाऊ वसूल करीत नाही. तो करदाता आपल्या विवरणपत्रासोबत सरकारला भरतो. असत्याला सत्याचा एवढा मुलामा दिलेला असतो की शिकलेला माणूस अशिक्षितापेक्षा अधिक सहज फसतो, कारण त्याने तो दर वर्तमानपत्रात वाचलेला असतो.

ही लबाडी ओळखावयाची कशी? पडद्यावरचे आकडे पाहून मुळीच नाही. तो पडदा म्हणजे केवळ चित्र. समभाग खरोखर घेतले असतील तर ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल यांपैकी एका डिपॉझिटरीत स्वतःच्या डीमॅट खात्यात पडलेले असतात, आणि त्याचे एकत्रित विवरण त्या संस्थेकडून परस्पर येते. ते आले नाही तर समभाग नाहीत, मग पडदा काहीही म्हणो. दुसरी खूण याहून सोपी. पैसे कोणाच्या नावे जात आहेत? खरा दलाल आपल्या ग्राहकांसाठीच्या ठरावीक खात्यात रक्कम घेतो. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत दलालांच्या यूपीआय पत्त्यांस @valid अशी ओळखही लावून दिली आहे. या ॲपवर मात्र दर वेळी नवे खाते दिले जाते. कधी कोणा ‘ट्रेडर्स’चे, कधी ‘एंटरप्रायजेस’चे, कधी परराज्यातील एखाद्या व्यक्तीचे बचत खाते.

ही दुसरी खूण गुरुजींनी ओळखावयास हवी होती, असे म्हणून चर्चा संपविण्याची पद्धत आहे. पण ती खूण आणखी कोणापुढे होती? मोठी रक्कम बहुधा आरटीजीएसने जाते, कारण यूपीआयची मर्यादा अपुरी पडते. म्हणजे सत्तरीतला एक ग्राहक शाखेत येतो, वर्षानुवर्षे न हललेली ठेव मुदतीपूर्वी मोडतो आणि ज्याच्याशी कधीही व्यवहार नव्हता अशा दूरच्या चालू खात्यात ती सगळी पाठवितो. फॉर्म भरून घेणाऱ्या बँकेला हे दिसते. पलीकडे, पैसे घेणाऱ्या बँकेला तर त्याहून अधिक दिसते. काल-परवा उघडलेल्या खात्यात देशाच्या चार कोपऱ्यांतून लाखांनी पैसे येतात आणि काही मिनिटांत दहा-वीस खात्यांत फुटून निघून जातात. असे खाते कोणा कष्टकऱ्याचे किंवा बेकार तरुणाचे असते. थोड्या कमिशनवर त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड भाड्याने दिलेले असते. तेथून रक्कम रोखीने काढली जाते किंवा डॉलरशी बांधलेल्या आभासी चलनात रूपांतरित होऊन देशाबाहेर जाते. दोन्ही टोकांच्या बँका या प्रवासाच्या साक्षीदार आहेत. आणि आरटीजीएस-एनईएफटीने पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव ग्राहकास दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, एवढी साधी सक्ती होण्यास इतकी वर्षे जावी लागली. तोवर खाते क्रमांक जुळला की पैसे जमा, मग नाव कोणतेही असो.

बँकांचे उत्तर ठरलेले आहे. पैसे ग्राहकाने स्वतःच्या हाताने पाठविले. पासवर्ड त्याचा, सही त्याची. आणि दुर्दैवाने नियमही याच बाजूने झुकलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकास संरक्षण दिले ते ‘अनधिकृत’ व्यवहारांपुरते. कोणी तिसऱ्यानेच खात्यातून पैसे पळविले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार नाही. पण फसवून का होईना, ग्राहकाकडूनच बटण दाबून घेतले की व्यवहार ‘अधिकृत’ ठरतो आणि सगळा तोटा त्याच्या माथी बसतो. चोराने हात घालून पाकीट काढले तर चोरी. गोड बोलून पाकीट हातात देवविले तर व्यवहार! फसवणूक या शब्दाचा अर्थच ‘संमती कपटाने मिळविणे’ असा असताना त्या कपटी संमतीचा लाभ बँकेने घ्यावा, हे कोणते न्यायशास्त्र? फेब्रुवारी २०२६ मध्ये रिझर्व्ह बँकेने छोट्या रकमांच्या फसवणुकीत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा विचार जाहीर केला, तो स्वागतार्ह आहे. पण ज्याचे ९,६०,००० गेले त्याच्या दृष्टीने ती सांत्वनपर देणगी होय, जबाबदारीची वाटणी नव्हे.

अन्यत्र वेगळे घडू शकले आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे की कपटाने करविलेल्या देशांतर्गत हस्तांतरणाची भरपाई ८५,००० पौंडांपर्यंत बँकेने ग्राहकास द्यावी, सर्वसाधारणपणे पाच कामकाजी दिवसांत द्यावी, आणि हा भार पैसे पाठविणारी व पैसे घेणारी अशा दोन संस्थांनी निम्मा-निम्मा सोसावा. या तरतुदीतला खरा क्रांतिकारक शब्द ‘घेणारी’ हा आहे. भाड्याचे खाते उघडू देणे आजवर बँकेस फुकट पडत होते. आता त्याची किंमत तिच्या ताळेबंदात येते, आणि ताळेबंदात आलेली गोष्ट संचालकांस दिसू लागते. तो समाजवादी राजवटीचा कायदा आहे असे कोणी समजू नये. भांडवलशाहीच्या जुन्या माहेरघरी, बाजाराच्या नियंत्रकांनी केलेला हा नियम आहे. मग मुंबईच्या बँकांस तो क्रांतीची नांदी का वाटावा?

आक्षेप येतो की भरपाई मिळणार म्हटले की लोक निष्काळजी होतील. हा आक्षेप हसून टाळण्याजोगा नाही. ब्रिटिश नियमात त्याला उत्तर आहे. ग्राहकाने ढोबळ बेफिकिरी केली असे बँकेने सिद्ध केले तर भरपाई नाकारता येते, पण सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे आणि दुर्बल ग्राहकांस हा अपवाद लागू होत नाही. पहिल्या १०० पौंडांचा भार ग्राहकावर टाकण्याची मुभाही बँकेस आहे. नियमाला मर्यादाही आहे. पैसे परदेशी पाठविले किंवा आभासी चलनात गेले तर तो चालत नाही. मात्र आपल्याकडे पहिली उडी बहुतेक वेळा रुपयांतच, देशातल्याच एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पडते. ज्या टप्प्यावर हा नियम प्रभावी आहे, नेमक्या त्याच टप्प्यावर तोंडवलीचे पैसे जातात.

‘लोभ’ आणि ‘अज्ञान’ या दोन शब्दांनी सगळे उलगडते असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एल्कहार्ट या लहानशा गावाकडे पाहावे. तेथील हार्टलँड ट्राय-स्टेट बँकेचा प्रमुख शॅन हेन्स हा काही भोळा खेडूत नव्हता. कर्ज द्यावे की नाही हे ठरविण्यात त्याचे आयुष्य गेले होते. २०२२ च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवरून त्याच्याशी कोणी संधान बांधले. त्याने आधी स्वतःचे पैसे घातले, मग गावच्या चर्चचे, मग गुंतवणूक मंडळाचे, मग मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले. मे ते जुलै २०२३ या काळात त्याने बँकेतूनच अकरा वेळा मिळून ४ कोटी ७१ लाख डॉलर पाठविले. २८ जुलै २०२३ रोजी ती बँक बंद पडली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला चोवीस वर्षांहून अधिक कारावास झाला. दुसऱ्याच्या पैशाला हात लावला म्हणून तो गुन्हेगार ठरला, ते योग्यच झाले. पण जो डाव अनुभवी बँकरला अडकवितो, त्याला निवृत्त शिक्षकाने केवळ ‘जागरूक’ राहून हुलकावणी द्यावी ही अपेक्षा हास्यास्पद आहे. फोन लावताना कानी पडणाऱ्या सूचना आणि भिंतीवरची भित्तिपत्रके स्वस्त असतात. त्यांनी कोणाचा नफा कमी होत नाही, म्हणून ती सर्वांस आवडतात.

आता संदेश लिहिणाऱ्याकडे वळू, कारण येथे आपल्या संतापाचा नेम चुकण्याचा संभव आहे. या धंद्याला चिनी भाषेत ‘शा झू पान’ म्हणतात, म्हणजे डुक्कर पोसून कापण्याचा डाव. बळीला डुक्कर म्हणणारा हा शब्द गुन्हेगारांचा आहे. जगभरच्या वृत्तपत्रांनी तो बिनदिक्कत उचलला, आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलला सांगावे लागले की तो वापरू नका, त्याने पीडित माणूस लाजून तक्रारच करीत नाही. पण पलीकडे बसून गोड संदेश टंकणारा हात तरी मोकळा असतो काय? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये नमूद केले की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा कामासाठी डांबली गेली असावीत. थायलंडमध्ये संगणकावरची चांगली नोकरी, असे सांगून त्यांना नेले जाते, मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाड्डी भागात तारेच्या कुंपणाआड कोंडले जाते, पारपत्र काढून घेतले जाते. संदेशांचा कोटा पुरा झाला नाही तर मारहाण, सुटका हवी तर खंडणी. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी आधी २८३ आणि दुसऱ्या दिवशी २६६ अशा ५४९ भारतीयांस तेथून परत आणले. जहाजावरच्या आणि आखातातल्या नोकरीसाठी दलालाच्या हाती पैसे ठेवण्याची सवय असलेल्या कोकणास ही गोष्ट परकी वाटू नये. गुरुजींना लुटणारा संदेश गुरुजींच्याच एखाद्या विद्यार्थ्याकडून, पाठीवर काठी असताना, लिहून घेतला गेला असण्याची शक्यता आहे. दोन्ही टोकांना श्रमिक. मधल्या टोळीच्या, खाती भाड्याने मिळविणाऱ्या दलालांच्या आणि डोळे मिटून शुल्क घेणाऱ्या संस्थांच्या हाती माल.

समाजवाद्यांनी हे अवधान दाखवावे यास इतिहासाचाही आधार आहे. सत्तरीच्या दशकात बक्षीस-चिठ्ठ्यांच्या आणि साखळी योजनांच्या कंपन्यांनी सामान्यांची बचत गिळण्यास आरंभ केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या जेम्स राज अभ्यासगटाने त्या बंद कराव्या असे सुचविले, आणि जनता राजवटीत १९७८ साली त्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. त्या कायद्याने ठेवीदाराच्या लोभावर प्रवचन झोडले नाही. योजना चालविणारा गुन्हेगार, हे त्याने ठरविले. पुढे त्याची अंमलबजावणी कितीदा लंगडी पडली हा निराळा विषय. पण जबाबदारी कोठे ठेवावयाची याविषयी तेव्हा संभ्रम नव्हता. आज संसदेत केवळ आकडे ठेवले जातात. सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत मिळून २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिपटीहून अधिक! आणि २०२१ साली तक्रारींची यंत्रणा उभी राहिल्यापासून जुलै २०२५ पर्यंत एकूण वाचविले गेले सुमारे ५,४८९ कोटी. शासन हे आकडे आपल्या दक्षतेचा पुरावा म्हणून सांगते. वस्तुतः ते बँकांच्या दक्षतेच्या अभावाचे मोजमाप आहे.

वायंगणी-तोंडवली परिसरात सी-वर्ल्ड प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तेव्हा लोकांनी विरोध केला, कारण जमीन जाते आहे हे सर्वांस एकाच वेळी दिसले. या लुटीचे वैशिष्ट्य असे की ती घराघरात निरनिराळी होते. ‘हे कोणास सांगू नका, संधी हातची जाईल,’ असे मैत्रीण पहिल्यापासून बजावीत असते. आणि सर्वस्व गेल्यावर माणूस लाजेने तेच मौन पुढे चालवितो. पत्नीलाही तो सांगत नाही. हे मौन टोळीच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे, कारण पैसे पहिल्या एक-दोन खात्यांत असतात तोवरच ते गोठविता येतात. त्यासाठी १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा लागतो; तोच तास हातचा गेला की ओरोसला जाऊन दिलेली तक्रार बहुधा कागद उरते. म्हणून गावातल्या कार्यकर्त्याने अशा माणसास उपदेश न करता आधी फोन लावून द्यावा. व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचे नाव उतरवून ठेवावे, संभाषण पुसू देऊ नये आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो’ म्हणणारा कोणी वकील किंवा अधिकारी शुल्क मागत येईल. तोही त्याच टोळीचा, किंवा तिच्याकडून नावांची यादी विकत घेतलेला.

आणि जिल्हा पातळीवर एक प्रश्न लावून धरावा. अग्रणी बँकेच्या जिल्हा सल्लागार समितीत जिल्हाधिकाऱ्यांसमोर दर तिमाहीस सर्व बँका बसतात आणि कर्जवाटपाचे लक्ष्य मोजतात. त्या बैठकीत प्रत्येक बँकेने सांगावे, गेल्या तीन महिन्यांत जिल्ह्यातील कोणत्या शाखांतून फसवणुकीचे पैसे गेले, किती रक्कम अडविली गेली, आणि त्यांच्याच कोणत्या शाखांत भाड्याची खाती सापडली, ती उघडताना खातेदार समोर होता की नव्हता. ग्राहकांची नावे कोणी मागत नाही. बँकांची मागितली जात आहेत.